तेच दहा जण, तेच तिघे: एकदा ७२० आणि एकदा १२० का?

प्रश्न: सर, मी डिचोलीला अकरावीत शिकते. दहा जणांच्या मंडळातून अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार निवडायचे तर उत्तर ७२० येतं, आणि त्याच दहांतून तीन जणांचा गट निवडायचा तर १२०. दोन्हीकडे माणसं दहाच आणि निवडायचे तिघेच. मग आकडे वेगळे का? सूत्रं पाठ आहेत, पण पेपरात कुठलं कधी वापरायचं तेच कळत नाही.

उत्तर:

दहा माणसं थोडा वेळ बाजूला ठेव आणि चारच घे. मी फोंड्याला उच्च माध्यमिकमध्ये पंचवीसहून अधिक वर्षं हा धडा शिकवतो आहे. दहांपासून सुरुवात केली की मुलं सूत्राकडे धावतात. चार माणसांचं गणित वहीच्या एका पानावर मावतं, त्यामुळे मोजणी डोळ्यांसमोर राहते.

समजा, मंडळात उमेश, नीता, विठू आणि शोभा असे चौघेच आहेत. चवथ जवळ आली आहे आणि माटोळीचं सामान, म्हणजे कांगलां, सुपारीचे घोस, आंब्याचे टाळे वगैरे आणायला तिघांनी जायचं आहे. चारांतले तिघे जाणार म्हणजे एकजण मागे राहणार. मागे राहणारा उमेश असेल, नीता असेल, विठू असेल किंवा शोभा असेल. म्हणजे गट चारच होतात.

आता याच चौघांतून अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार निवडू. शोभाला कुठलंही पद नाही असं धर, म्हणजे उरले उमेश, नीता आणि विठू. उमेश अध्यक्ष झाला तर नीता चिटणीस आणि विठू खजिनदार, किंवा उलट, असे दोन प्रकार. नीता अध्यक्ष झाली तरी दोन, विठू झाला तरी दोन. एकाच तिघांच्या गटातून सहा वेगवेगळी कार्यकारी मंडळं निघाली. मागे राहणारा बदलून असे गट चार होतात, म्हणून ४ × ६ = २४. थेट मोजलंस तरी तेच येतं: अध्यक्षपदासाठी चार पर्याय, मग चिटणीसपदासाठी तीन, मग खजिनदारपदासाठी दोन, ४ × ३ × २ = २४.

म्हणजे चार आणि चोवीस यांच्यात एकही नवा माणूस आलेला नाही. सभेच्या इतिवृत्तात काय लिहिलं जाणार, तेवढं बदललं. माटोळीच्या बाबतीत इतिवृत्तात ओळ असेल, ‘उमेश, नीता व विठू सामान आणतील.’ ती ‘विठू, उमेश व नीता’ अशी लिहिली तरी ठराव तोच. पदांच्या बाबतीत मात्र ‘अध्यक्ष उमेश, खजिनदार विठू’ आणि ‘अध्यक्ष विठू, खजिनदार उमेश’ हे दोन वेगळे ठराव आहेत. बँकेत सही कुणाची चालणार, हेच त्यावर ठरतं. आपण मोजतो ते हे वेगवेगळे ठराव. गणित सोडवण्याआधी तू एवढंच विचार: या निवडीचं इतिवृत्त लिहायचं झालं तर त्यात नेमकं काय नोंदवावं लागेल?

आता दहांकडे ये. पदांसाठी १० × ९ × ८ = ७२०. या ७२० नोंदी कागदाच्या ७२० चिठ्ठ्यांवर लिहिल्या आहेत असं समज. प्रत्येक चिठ्ठीवरची पदं खोडून फक्त नावं ठेवली, तर सहा सहा चिठ्ठ्यांवर तीच तीन नावं दिसतील. सहांची एक गड्डी याप्रमाणे गड्ड्या लावल्या तर ७२० ÷ ६ = १२० गड्ड्या होतात, आणि प्रत्येक गड्डी म्हणजे एक गट. उलट दिशेनेही जाता येतं. आधी १२० पैकी एक गट निवड, मग त्यांच्यात सहा प्रकारे पदं वाट, पुन्हा ७२०. कॅल्क्युलेटरवरची nPr आणि nCr ही बटणं या दोन मोजण्यांचीच आहेत. दुसऱ्या बटणात हा भागाकार आधीच करून ठेवलेला असतो.

दरवर्षी कुणीतरी विचारतं की माणसं तीन, तर तीनने का भागायचं नाही. तीनने भागलं तर अध्यक्ष कोण याचा फरक जातो, पण उरलेल्या दोघांत चिटणीस कोण आणि खजिनदार कोण, हा फरक शिल्लक राहतो. तोही पुसायला आणखी दोनने भागावं लागतं. ३ × २ = ६ मधला तीन आणि दोन या दोघांचं काम असं वेगळं आहे. पुढे हे उपयोगी पडणार आहे, म्हणून लक्षात ठेव.

पुस्तकात आणि वर्गात या फरकासाठी ‘क्रमाला महत्त्व आहे की नाही’ असं विचारलं जातं. वाक्य चुकीचं नाही, पण माझा अनुभव असा की मुलं इथेच घसरतात. एका मुलीने मला विचारलं होतं, ‘सर, गटासाठीही आम्ही चिठ्ठ्या एकामागून एकच काढतो ना, मग तिथे क्रम नाही कसा?’ तिचं म्हणणं रास्त होतं. चिठ्ठ्या काढताना दोन्हीकडे क्रम असतो. प्रश्न एवढाच की तो क्रम निकालात उरतो का. गटाच्या बाबतीत तिसरी चिठ्ठी पडल्यावर आधीचा क्रम कुणी विचारत नाही. उलट पदांच्या बाबतीत कोणी रांगेत उभंच नसतं. आधी खजिनदार ठरवून मग अध्यक्ष ठरवला तरी उत्तर ७२०च येतं. म्हणून मी ‘क्रम’ हा शब्द टाळतो आणि अदलाबदल करून बघायला सांगतो. निवडलेल्यांपैकी कुठलेही दोघे घे आणि एकमेकांच्या जागी ठेव. निकाल बदलला तर त्या दोघांच्या जागा वेगळ्या, नाही बदलला तर जागा सारख्या.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे इ. स. ११५०च्या सुमारास, ही दोन्ही प्रकारची गणितं आहेत आणि ती वेगवेगळ्या ठिकाणी मांडलेली आहेत. एकात शंभूच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू अशा दहा वस्तू किती प्रकारे देता येतील असं विचारलं आहे, उत्तर ३६,२८,८००. हरीच्या चार हातांत गदा, चक्र, कमळ आणि शंख, उत्तर २४. हे चोवीस म्हणजे केशव, नारायण, माधव या संध्येतल्या चोवीस नावांच्या मूर्ती. आयुधं तीच चार, पण कुठल्या हातात कुठलं यावरून मूर्तीचं नाव ठरतं. हात ही पदं झाली. दुसरीकडे सहा रसांची मिश्रणं आहेत: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट यांतले तीन रस एकत्र करायचे तर २० प्रकार होतात. आंबट आधी घातलं की तिखट आधी, याने मिश्रण वेगळं ठरत नाही. सहांतून तीन पदाधिकारी निवडायचे असते तर १२० झाले असते.

एक अडचण आपल्या गोव्याच्या मुलांना जास्त येते, असं मला वाटतं. गणितात ‘समिती’ हा शब्द आला की पुस्तकाला बहुधा पदं नसलेला गट अपेक्षित असतो. आपल्याकडे समिती म्हटली की देवस्थानची समिती आठवते, आणि तिच्यात अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि मुखत्यार असतातच. दहांतून चौघांची समिती विचारली की बरेच जण नकळत ही चार पदं भरायला लागतात आणि १० × ९ × ८ × ७ = ५०४० लिहितात. प्रश्नात पदांची नावं नसतील तर चौघांच्या २४ मांडण्या एकच धरायच्या, आणि उत्तर ५०४० ÷ २४ = २१०. ‘समिती’, ‘संघ’, ‘गट’ या शब्दांवर भिस्त ठेवू नकोस. पदांची नावं दिली आहेत का, तेवढं बघ.

आता मधली परिस्थिती घेऊ. दहांतून तिघे माटोळीचं सामान आणायला जाणार, पण गाडी कोण चालवणार तेही ठरवायचं आहे, आणि गाडी सगळ्यांनाच चालवता येते. इथे ७२० लावायचे की १२०? अदलाबदल करून बघ. चालवणारा आणि मागे बसलेला यांची जागा बदलली तर निकाल बदलतो. मागचे दोघे एकमेकांच्या जागी बसले तर काहीच बदलत नाही. म्हणजे एक जागा वेगळी आणि दोन सारख्या. चालक दहा प्रकारे, आणि उरलेल्या नवांतून दोघे (९ × ८) ÷ २ = ३६ प्रकारे, एकूण ३६०. आता ७२०, ३६० आणि १२० एका ओळीत ठेव. ७२० ला दोनने भागलं तेव्हा मागच्या दोघांतला फरक गेला. ३६० ला तीनने भागलं तेव्हा चालक कोण, हा फरक गेला. मघाचे दोन आणि तीन हेच.

यापुढचा भाग मी सावकाश सांगतो, कारण हुशार मुलं चुकतात ती इथे. दहांत सहा पुरुष आणि चार स्त्रिया आहेत असं धर. तिघांचा गट निवडायचा, पदं नाहीत, पण गटात निदान एक स्त्री हवी. बहुतेक जण असा विचार करतात: आधी चारांतून एक स्त्री घेऊ म्हणजे अट पुरी झाली, मग उरलेल्या नवांतून कुठलेही दोघे. ४ × ३६ = १४४. विचार सरळ वाटतो, आणि वहीत बाणही काढलेले असतात. पण अट नसतानाच सगळे मिळून गट १२० होते. अट घातल्यावर गट कमी व्हायला हवे, ते वाढले कसे?

इथे नकळत एक पद तयार झालं आहे. ‘आधी घेतलेली स्त्री’ हे ते पद. नीता, शोभा आणि उमेश हा गट घे. पहिल्यांदा नीताला घेऊन मग शोभा आणि उमेश घेतले, तेव्हा तो एकदा मोजला गेला. पहिल्यांदा शोभाला घेऊन मग नीता आणि उमेश घेतले, तेव्हा पुन्हा मोजला गेला. इतिवृत्तात मात्र एकच ओळ असणार, कारण ‘आधी घेतलेली’ असं कुठेच लिहायचं नाही.

नेमकं किती जास्त मोजलं तेही तपासता येतं. एकच स्त्री असलेले गट: चारांतून एक आणि सहा पुरुषांतून दोन, ४ × १५ = ६०. दोन स्त्रिया असलेले: ६ × ६ = ३६. तिन्ही स्त्रिया असलेले: ४. खरी बेरीज १००. वरच्या पद्धतीत पहिले ६० एकदाच मोजले गेले, पुढचे ३६ दोनदा म्हणजे ७२ झाले, आणि शेवटचे चार तीनदा म्हणजे १२. ६० + ७२ + १२ = १४४, बरोबर तेवढेच. आता १४४ ला कुठल्याही एका संख्येने भागून १०० आणायला जाऊ नकोस. काही गट एकदा, काही दोनदा आणि काही तीनदा मोजले गेले आहेत, म्हणून सगळ्यांना एकच भाजक चालणार नाही. अशा वेळी सोपा रस्ता असा की सगळ्या गटांतून फक्त पुरुषांचे गट वजा करायचे: १२० − २० = १००.

सहाने भागण्याचा नियम कुठपर्यंत चालतो तेही यातून दिसतं. ७२० ला सहाने भागता आलं, कारण प्रत्येक गट सहाच वेळा मोजलेला होता, एकही कमी नाही आणि एकही जास्त नाही. तीन पदाधिकाऱ्यांत निदान एक स्त्री हवी, अशी अट असेल तर हे टिकतं. गट १००, प्रत्येकात पदं वाटण्याचे सहा प्रकार, ६०० मंडळं. पडताळा म्हणून ७२० मधून सगळे पुरुष असलेली ६ × ५ × ४ = १२० मंडळं वजा कर, ६००च येतात. अट गटावर होती, पदावर नव्हती, म्हणून हे जमलं.

अट पदावर आली की जमत नाही. अध्यक्ष स्त्रीच हवी असं ठरलं तर मंडळं ४ × ९ × ८ = २८८. याला सहाने भागून ४८ येतात, पण हे ४८ कशाचेच नाहीत. निदान एक स्त्री असलेले शंभर गट आहेत आणि त्यातल्या प्रत्येकातून असं मंडळ करता येतं. एक स्त्री असलेल्या गटात अध्यक्ष ठरलेलीच, उरलेल्या दोन पदांची अदलाबदल दोन प्रकारे, म्हणून ६० × २ = १२०. दोन स्त्रिया असल्या तर चार प्रकार, ३६ × ४ = १४४. तिन्ही स्त्रिया असल्या तर सहाही प्रकार, ४ × ६ = २४. बेरीज २८८. भागाकार बरोबर सुटला म्हणून तो अर्थपूर्ण असतो असं नाही, हे या ४८ वरून कळतं.

कधी कधी भागाकार सुटतच नाही, आणि ते बरं, कारण चूक लगेच दिसते. लहान मंडळात एकच माणूस दोन पदं सांभाळतो. एकाला कितीही पदं चालतील असं धरलं तर पदवाटप १० × १० × १० = १००० प्रकारे होईल. याला सहाने भागलंस तर अपूर्णांक येतो. गटांची संख्या अपूर्णांकात येते म्हणजे सगळ्या गड्ड्या सारख्या नाहीत. तिघे वेगळे असतील तिथे सहा चिठ्ठ्या, एकाकडे दोन पदं असतील तिथे तीन, आणि सगळी पदं एकाकडे असतील तिथे एकच. म्हणून प्रश्नात ‘एका व्यक्तीला एकच पद’ असं लिहिलं आहे का, ते नीट वाच.

शेवटी संभाव्यतेचं सांगतो, कारण हा धडा तुला पुढे तिथेच लागणार आहे. दहा नावांच्या चिठ्ठ्या टाकून तीन काढल्या तर नीताचं नाव निघण्याची शक्यता किती? गटांनी मोजू. एकूण गट १२०. नीता असलेले गट म्हणजे उरलेल्या नवांतून दोघे, ३६. शक्यता ३६/१२०, म्हणजे ३/१०. आता पदांनी मोजू. एकूण ७२०. नीताला तीनपैकी एक पद आणि उरलेली दोन पदं ९ × ८ प्रकारे, ३ × ७२ = २१६. शक्यता २१६/७२०, पुन्हा ३/१०. वर आणि खाली एकाच रीतीने मोजलं तर सहा कापला जातो आणि कुठली रीत घेतली याने फरक पडत नाही.

घोटाळा होतो तो वर गट आणि खाली पदं घेतल्यावर. ३६/७२० केलं की उत्तर १/२० येतं, आणि ते दिसायला इतकं नीटनेटकं असतं की कुणाला संशय येत नाही. ते तपासायची रीत अशी आहे. दहाही जणांची शक्यता सारखीच आहे, म्हणून ती दहाने गुणली की निवडल्या जाणाऱ्या माणसांची संख्या यायला हवी. ३/१० ला दहाने गुणलं की ३ येतात, आणि आपण तीनच चिठ्ठ्या काढल्या होत्या. १/२० ला दहाने गुणलं तर अर्धा माणूस येतो.